दिलेले आणि काढायचे

जागेश्वर भुरेची आणि टिकाराम सरांची ओळख होती असं म्हणणं जरा जास्तच होईल. तो वर्गात कोणत्या बाकावर बसायचा हेसुद्धा सरांना सांगता आलं नसतं. त्याला भाऊ किती, बहिणी किती, घरी शेत किती, त्याला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तुमसरच्या ज्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे, तिथं तो आंबागडच्या मामाकडून सायकलीनं यायचा आणि शाळा सुटली की सायकलीनं परत जायचा. मधल्या वेळात तो वर्गात असायचा, हजेरीत "हजर" म्हणायचा. पुढं त्याच्याविषयी सरांना जे काही कळलं, ते पोस्टकार्डांवरून आणि दोन-तीन भेटींवरून. तेवढ्यावर माणूस कळतो का? सरांना तसं कधी वाटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात पहिलं कार्ड आलं. सर शाळेतून येऊन ओले बूट काढत होते. त्यांची बायको आनंदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आसगाववरून कार्ड आलं हाये. कोणाची तरी बादली विहिरीत पडली."

"आसगाव? पवनीजवळचं?"

"असंल. वाचून पाहा. मी दोनदा वाचलं, मले तर काई उमजलं नाही."

कार्डावर अक्षर गोल आणि काळजीपूर्वक काढलेलं होतं. "आदरणीय सरांस जागेश्वर भुरेचा नमस्कार. आमच्या विहिरीवर दोर सुटून बादली खाली गेली. काही वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला. हे कसे काढावे ते कळवावे. घरी सर्व खुशाल. आपला विद्यार्थी."

"गळ टाकून काढावे, असं लिहा," आनंदाबाई म्हणाली. "एवढ्यासाठी तुमसरले कार्ड? आसगावात गळ नाही का कोणाजवळ?"

सर थोडे हसले. पण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. दर वर्षी मॅट्रिकच्या वर्गाला मुक्त पतनाचा धडा शिकवताना ते विहिरीत एक दगड टाकायचे, अर्थात फळ्यावर. हे भौतिकशास्त्राचं गणित होतं. फक्त त्यात गणित नव्हतं. विहीर किती खोल, ते नाही. आवाज किती वेळानं आला, ते नाही. मीटर नाही, सेकंद नाही. आणि शेवटी विचारलंय काय, खोली, वेळ की बादली पाण्यावर आदळली तेव्हाचा वेग, तेही नाही.

मुलगा घाईत लिहायला विसरला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं, "गणितात दिलेले काय आहे, कोणत्या एककात आहे आणि काढायचे काय आहे, हे तिन्ही कळवावे. त्याशिवाय रीत सांगता येत नाही."

आठवड्याभरानं उत्तर आलं. "दिलेले सर्व माझ्याजवळ आहे. त्याची काळजी करू नये. आपण फक्त रीत कळवावी." आणि खाली दुसरा प्रश्न होता. "बैलांनी जोर लावला तशी गाडी पळू लागली. गाडीत धान होते. जोर कसा पाहावा?"

"बैलालेच विचारा म्हणा," आनंदाबाई म्हणाली.

तिसरं कार्ड आलं ते असं, "न्हाणीत ऊन पाणी होते. त्यात थंड पाणी ओतले. मग कसे झाले?"

या कार्डावर ती इतकी हसली की हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. "कोमट झालं! अजून काय होईल? बाप्पा, मॅट्रिकले हे इचारते का? मग तर मीही पास होईन."

सर हसले नाहीत. त्यांना आता त्या मुलाची थोडी चिंता वाटू लागली होती. बायको चुकीचं बोलत नव्हती. गरम पाण्यात थंड पाणी ओतलं तर ते कोमट होतं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण किती गरम, किती थंड, हे किती आणि ते किती, एवढं सांगितल्यावाचून 'किती कोमट' याचं उत्तर देवालाही देता यायचं नाही. हे त्या मुलाला कळत नसेल तर तो नापास होणार. आणि कळत असेल तर मग तो असं का लिहितो?

परीक्षेचा फॉर्म भरायला जागेश्वर तुमसरला आला तेव्हा हे उमगलं. नापास झालेल्या मुलांना ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म जुन्या शाळेतूनच भरावा लागे. सरांनी त्याला शाळेच्या ऑफिसपुढं उभा पाहिला आणि फॉर्मवरचं नाव वाचून ओळखलं. उंच, किडकिडीत, मिशी नुकतीच आलेली, पायाला चिखलाचे वाळलेले डाग. त्याला त्यांनी घरी आणलं. आनंदाबाईनं चहा ठेवला आणि दारातूनच विचारलं, "काय गा, बादली निघाली का?"

जागेश्वरनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "नाही जी, अजून नाही."

सरांनी सरळच विचारलं. "काहून लिहीत नाहीस पूर्ण? दिलेलं नाही, एकक नाही, काय काढायचं ते नाही. मी उत्तर देऊ तरी कसं?"

त्यानं कपातला चहा बशीत ओतला, बशी तशीच धरून ठेवली. मग बोलला, आणि बोलला तेव्हा सगळंच बोलून गेला. आवाजात मात्र काही नव्हतं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसा.

दहावीचा निकाल लागला त्या वर्षी तो विज्ञानात नापास झाला होता. बाकीच्या विषयांत पास. तुमसरहून आसगावला निरोप गेला तो मामाच्या गड्याकडून, आणि गड्यानं वडिलांना सांगितलं, "पोरगा सगळ्यात पास हाये, एक तेवढं राहिलं." सुखरामनं, म्हणजे जागेश्वरच्या वडिलांनी, त्यातलं "पास हाये" एवढंच ऐकलं. त्या घरात आजवर कोणी मॅट्रिक झालं नव्हतं. जागेश्वर घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावात गूळ वाटून झाला होता.

"मंग सांगायचं नाही का तेव्हाच?"

"सांगणार होतो जी. अंगणात गेलो तं बाबा शेजारच्या शकुनबाईले गूळ देऊन राहिले होते. ती म्हणे, लय हुशार निघाला पोरगा. बाबा रडून राहिले होते. आमचे बाबा कधी रडत नाहीत."

एक विषय ऑक्टोबरला काढून टाकू, कुणाला कळायचंही नाही, असं त्यानं तेव्हा ठरवलं. मामाकडं जातो म्हणून सांगायचं, परीक्षा द्यायची, परत यायचं. तसं त्यानं दोनदा केलंही. दोन्ही वेळा नापास. मधल्या काळात 'मॅट्रिकवाला' म्हणून गावातले लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घेऊ लागले. मॅट्रिक झालेला जावई म्हणून लाखांदूरकडच्या एका घरानं मुलगीही दिली. चंद्रकांता तिचं नाव. आणि आता एस.टी.त कंडक्टरची भरती निघणार होती. वडील रोज म्हणत होते, "मॅट्रिकचं कागद आणून ठेव घरी." तो रोज म्हणत होता, "शाळेतच हाये, आणतो." नव्या वर्षाच्या आत कागद हातात नसला तर भरतीही जाणार होती आणि खोटंही उघडं पडणार होतं.

"पण याचा अन् कार्डाचा काय संबंध?"

"सर, तुमी आमच्या गावचं पोस्ट पाहिलं नाही," जागेश्वर म्हणाला.

आसगावातलं पोस्ट म्हणजे गोमाजीच्या किराणा दुकानातला एक कोपरा. गोमाजी एका हातानं तेल मापायचा आणि दुसऱ्या हातानं शिक्का मारायचा. जाणारं कार्ड त्याच्या हातून जायचं, येणारं त्याच्याच हातून यायचं, आणि वाचल्याशिवाय कोणतंच पुढं सरकत नसे. लपून वाचत होता असंही नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवता दाखवता सवयच लागली होती. दुकानात चार माणसं बसलेली असली तर कार्ड मोठ्यानंच वाचलं जायचं, आणि ज्याच्या नावाचं आहे त्याला ते मिळेपर्यंत त्यातली खबर त्याच्या घरी पोचलेली असायची. त्या कार्डावर 'दिलेले', 'काढायचे', 'मीटर', 'सेकंद' असं लिहिलं की गावात जाहीर झालंच, मॅट्रिकवाला अजून मॅट्रिकचीच गणितं सोडवतो.

म्हणून तो आकडे काढून टाकत होता. एककंही. मीटर म्हटलं की शाळा आली. विहिरीला हात म्हणतात, पुरुष म्हणतात, मीटर कोण म्हणतं? एवढं सगळं काढलं की उरायची ती घरगुती बातमी.

"बंद पाकीट घालायचं."

जागेश्वर पहिल्यांदा हसला. "बंद पाकीट आलं ना सर, तं गोमाजी दुकान बंद करून घरी आणून देते. अन् बसते तिथंच, फोडेपर्यंत. लग्न झालेल्या माणसाले बंद पाकिटात कोण लिवते, हे साऱ्या गावाले पाहिजे राहते."

"त्याचं काही चुकीचं नाही," आतून आनंदाबाई म्हणाली.

"बादलीचं कार्ड टाकलं तवा काय म्हणाला गोमाजी?" सरांनी विचारलं.

"गळ देतो म्हणे. तुमचं उत्तर वाचलं त्यानं, तवा म्हटलं, सरांले बादलीतही गणितच दिसते."

तिघंही हसले. मग सरांनी पाटी मागवली. एवढ्या अंतरावरून आलेल्या मुलाला काही तरी सांगून पाठवावं असं त्यांना वाटत होतं. आपल्याला चांगलं समजावता येतं यावर मात्र त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

"तू म्हणतोस आकडे तुझ्याजवळ आहेत, रीत तेवढी पाहिजे. बरं. विहीर एकच, बादली एकच. आता पाहा. गुरुत्व त्वरण सोयीसाठी दहा धरू. समजा खोली दिली आहे, वीस मीटर, आणि वेळ विचारला. खोलीची दुप्पट चाळीस, भागिले दहा, चार, त्याचं वर्गमूळ दोन. दोन सेकंद. ही एक रीत. आता समजा वेळ दिला, दोन सेकंद, आणि खोली विचारली. दोनाचा वर्ग चार, गुणिले दहा चाळीस, त्याचं अर्धं वीस. वीस मीटर. ही दुसरी रीत. आता पाण्यावर आदळतानाचा वेग विचारला. दहा गुणिले दोन, सेकंदाला वीस मीटर. तिसरी रीत. गोष्ट बदलली का?"

"नाही."

"रीत बदलली?"

"बदलली."

"मंग रीत गोष्टीत नसते. काय दिलंय अन् काय मागितलंय, त्याच्या मधी असते. आणि हे वीस, वीस हात असले तर? वीस हात म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. बादली दीड सेकंदाच्या आतच पाण्यात. तू वीस तसेच ठेवून दोन सेकंद लिहिलेस की गेला गुण. आकडा तुझ्याजवळ असून उपयोग नाही, एककाशिवाय तो आकडाच नव्हे."

जागेश्वर पाटीकडं बराच वेळ पाहत राहिला. त्याला समजलं की नाही ते सरांना कळेना. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे न सांगता विचारता येतच नाही."

"नाही येत."

"अन् मामाकडं महिनाभर येऊन राहिलास तर?" आनंदाबाईनं विचारलं. "रोज येत जा संध्याकाळी."

"रोवना चालू हाये जी. आता घर सोडलं तर बाबा काय म्हणतील? चिखलात माणसं कमी पडून राहिले." धानाची रोपं लावायचे दिवस होते. भंडाऱ्याकडच्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही.

जाताना त्यानं सरांच्या पायाला हात लावला. पुढं काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. त्यांना कुणाला खोदून विचारणं जमत नसे.

त्यानंतर बरेच दिवस कार्ड आलं नाही. पाऊस सरत आला. आनंदाबाई मधूनच म्हणायची, "तुमचा आसगाववाला कोमट झाला वाटते." सर म्हणायचे, "रोवण्यात असेल." रोवणे संपून धान पोटरीत आलं तरी कार्ड नाही. त्या पोरानं आता नाद सोडला असं सरांनी मनाशी धरून टाकलं. त्यांना वाईट वाटलं म्हणावं तर तसंही काही नाही. शाळेत दर वर्षी अशी दहा-पंधरा मुलं नापास व्हायची आणि कुठं तरी निघून जायची.

मग सप्टेंबर संपता संपता कार्ड आलं. आनंदाबाईनं ते वाचलं आणि काही न बोलता सरांच्या हातात दिलं.

नमस्कार नव्हता, खुशाली नव्हती. सरळ ओळी होत्या.

"दहावीची ऑक्टोबर परीक्षा. विज्ञान. दिलेले: गरम पाण्याचे वस्तुमान ३ किलोग्रॅम, तापमान ८० अंश सेल्सिअस. थंड पाण्याचे वस्तुमान २ किलोग्रॅम, तापमान ३० अंश सेल्सिअस. भांड्याने घेतलेली उष्णता धरायची नाही. काढायचे: मिश्रणाचे तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. माझे उत्तर ५५ आले. पुस्तकात तसे नाही. कुठे चुकले?"

सरांनी कार्ड उलटून पाहिलं. मागच्या बाजूला आसगावचा शिक्का नीट उमटला होता. हे कार्ड गोमाजीच्या हातून आलं होतं. दहावी, परीक्षा, विज्ञान, सगळं त्यावर मोठ्या अक्षरात होतं.

त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. त्यांनाही आता काही लपवायचं राहिलं नव्हतं. "दहावीची ऑक्टोबर परीक्षा, विज्ञान. तू ऐंशी आणि तीस यांची नुसती सरासरी काढलीस. दोन्ही पाणी सारखे असते तर ती चालली असती. गरम पाणी जास्त आहे. गरम पाण्याने दिलेली उष्णता बरोबर थंड पाण्याने घेतलेली उष्णता. ३ गुणिले (८० वजा त) बरोबर २ गुणिले (त वजा ३०). २४० वजा ३ त बरोबर २ त वजा ६०. म्हणून ५ त बरोबर ३००. त बरोबर ६० अंश सेल्सिअस. पडताळा पाहा: गरम पाणी वीस अंश उतरले, थंड तीस अंश चढले. तीन विसे साठ, दोन तिसे साठ."

मग कार्डं येतच राहिली. कधी एक दिवसाआड. सगळ्यांवर आधी 'दिलेले', मग 'काढायचे', मग त्याची स्वतःची रीत, मग "कुठे चुकले?" एकदा पाचशे ग्रॅमच्या वस्तूला दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद असं त्वरण देणारं बळ त्यानं हजार न्यूटन काढलं होतं. सरांनी लिहिलं, "ग्रॅमचे किलोग्रॅम केले नाहीस. अर्धा गुणिले दोन, एक न्यूटन. हजार न्यूटन म्हणजे काय चीज आहे, विचार कर." पुढच्या कार्डावर त्यानं प्रत्येक आकड्याला एकक लावलं होतं, प्रश्नाच्या क्रमांकालासुद्धा लावतो की काय असं वाटावं इतक्या नेमानं. चुका कमी होत गेल्या. शेवटच्या कार्डावर चूक नव्हती. सरांनी त्यावर "बरोबर" एवढंच लिहून पाठवलं.

परीक्षेला तो तुमसरला आला तेव्हा पेपर झाल्यावर सरांकडं आला. आनंदाबाईनं पोहे केले. तो ओट्यावर बसला, पाय खाली सोडून.

"कसा गेला?"

"बरा गेला जी. चार गणितं होती. चारही लिवली. दिलेले लिवलं, काढायचे लिवलं."

"अन् घरी?"

त्यानं बशीतला शेंगदाणा उचलला, पाहिला, खाल्ला. "गोमाजीनं वाचलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं नाही. मी समोरच उभा होतो. हळू वाचलं त्यानं. मंग म्हणे, हे जाऊ देऊ का? म्हटलं, जाऊ दे. त्यानं शिक्का मारला. कोणालेच सांगितलं नाही चार-पाच दिवस. मंग तुमचं कार्ड आलं, तवा दुकानात बाबा होते. बाबानं विचारलं, काय लिवलं हाये? त्यानं वाचलं. पाणी, अंश, सारं वाचलं. बाबाले काही नाही समजलं. पण पहिली ओळ समजली."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हटलं."

"रागावले?"

"नाही. बोलतच नाहीत. मी जेवाले बसलो की उठून जातात. बांधावर भेटले तरी बोलत नाहीत. चंद्रकांता म्हणते, होईल बरं. ती माहेरी नाही गेली," एवढं तो सांगून टाकल्यासारखा म्हणाला, जणू सर आता तेच विचारणार होते.

"तू लिहिलंस कशाला मग?" हा प्रश्न सरांच्या तोंडात आला आणि त्यांनी तो गिळला. तो प्रश्न कळल्यासारखं जागेश्वरच म्हणाला, "दोन मयने घरीच करून पाहिलं जी. एकही बराबर येऊन नाही राहिलं. कोणाले विचारावं तं आकडे सांगाव लागते. मंग सांगितले."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं आणि सुटकाही नव्हती. त्यानं बशी रिकामी करून विसळली, पालथी ठेवली आणि बसच्या वेळेला निघाला.

निकाल डिसेंबरात आला. जागेश्वर पास झाला होता. विज्ञानात फार नाही, पण पुरेसे गुण होते. गुणपत्रिका न्यायला तो आला तेव्हा सर तासावर होते. तास संपवून बाहेर आले तर तो ऑफिसातून निघून गेलेला. कारकून म्हणाला, "तुमाले नमस्कार सांगून गेला. घाईत होता, आजच फॉर्म द्याचा म्हणे भंडाऱ्याले." सर घरी आले आणि आनंदाबाईला म्हणाले, "झाला तो पास." ती म्हणाली, "बरं झालं." मग दोघंही आपापल्या कामाला लागले. त्यांना मूल नव्हतं. अशा बातम्या त्या घरात थोडा वेळ राहायच्या आणि जायच्या.

पुढं कार्ड आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं. दर ऑक्टोबरात सरांना एखाद-दुसऱ्या वेळी त्याची आठवण व्हायची. वर्गात ते आता धडा सुरू करण्याआधी फळ्याचे दोन भाग करायचे, एकावर 'दिलेले', दुसऱ्यावर 'काढायचे'. मुलं कंटाळायची. असं का करतो, हे सरांनी कुणाला सांगितलं नाही.

तो एस.टी.त लागला, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं. कोणता डेपो, ते कळलं नाही. पवनीकडचे एक शिक्षक पेपर तपासायला भेटले तेव्हा सरांनी सहज विचारून पाहिलं. ते म्हणाले, "सुखराम भुरे? हो, आहे म्हातारा. थोरल्या पोराकडं राहत नाही, धाकट्याकडं राहतो. का बरं?" सर म्हणाले, "काही नाही, असंच." जागेश्वरला धाकटा भाऊ आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सर एका लग्नाहून परत येत होते. पवनीच्या स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागली. गर्दी होती. खिडकीजवळची जागा मिळाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. गाडी सुटली, रस्त्याला लागली, आणि कंडक्टर पुढून तिकिटं फाडत येऊ लागला. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी. अंगानं भरला होता, मिशी दाट झाली होती. सरांनी दुरूनच ओळखलं. आपण आधी बोलावं की त्याच्या बोलण्याची वाट पाहावी, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी तिकिटाचे पैसे काढून हातात धरले.

तो त्यांच्या रांगेशी आला. पंच वाजवत होता. नजर वर केली, थांबला. हात जोडण्यासाठी उचलले, पण एका हातात तिकिटांचा ट्रे होता, म्हणून एकच हात छातीशी नेला.

"सर. कोठपर्यंत?"

"भंडारा. मग तुमसर, दुसऱ्या गाडीनं."

त्यानं तिकीट फाडून दिलं. मागून कुणी तरी ओरडत होतं, "ओ कंडक्टर, भावड फाटा!" तो मागं वळला नाही. काही विचारावं असं सरांच्या मनात आलं. वडील बोलतात का, चंद्रकांता कशी आहे, मुलंबाळं काय. विचारायला यातलं कोणतंही चाललं असतं. गाडी खड्ड्यात आदळली, बाहेरून तापलेली धूळ आत आली, सरांनी रुमाल नाकाला लावला.

"खिडकी लावून घ्या सर, धूळ येते," जागेश्वर म्हणाला.

सरांनी काच ओढून पाहिली. "लागत नाही ही."

"नाही लागत का? राहू द्या मंग," तो म्हणाला आणि मागच्या रांगेकडं सरकला.